संमिश्र प्रतलाला एकच अनंतबिंदू का, आणि तिथे 1/z चा रेसिड्यू −1 का

प्रश्न: एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये +∞ आणि −∞ वेगळे होते. कॉम्प्लेक्समध्ये सर म्हणतात की सगळ्या दिशांना मिळून एकच ∞ आणि तो म्हणजे गोलाचा उत्तर ध्रुव. आकृती समजली, पण हे मानायचं कशावरून? शिवाय 1/z हे फलन ∞ ला शून्य होतं, तिथे काहीच बिघडत नाही, तरी तिथला रेसिड्यू −1 कसा येतो?

उत्तर:

तुमचे दोन प्रश्न दिसायला वेगळे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. उत्तर ध्रुवाला ∞ हे नाव दिल्याने काहीच सिद्ध होत नाही, हा तुमचा संशय रास्त आहे. नाव दिल्याने फक्त एक बिंदू हाती येतो; त्या बिंदूच्या आसपास मोजायचे कसे हे जोपर्यंत ठरत नाही, तोपर्यंत "∞ ला सीमा", "∞ ला पोल", "∞ ला रेसिड्यू" या शब्दप्रयोगांना अर्थ नसतो. म्हणून आधी आकृतीकडेच, पण आकडे घालून, पाहू. (गोलाच्या टोकाला मी ध्रुव म्हणेन आणि फलनाच्या पोलला पोलच म्हणेन; दोन्हींना ध्रुव म्हटले की याच विषयात सर्वांत जास्त घोटाळा होतो.)

मूळबिंदू केंद्र आणि 1 त्रिज्या असलेला गोल घ्या. संमिश्र प्रतल त्याच्या विषुववृत्तातून आडवे जाते आणि उत्तर ध्रुव N = (0, 0, 1) असा आहे. प्रतलातल्या z = x + iy या बिंदूपासून N पर्यंत सरळ रेषा काढली, तर N सोडून ती गोलाला आणखी एकाच ठिकाणी छेदते, आणि तो छेदनबिंदू म्हणजे z ची गोलावरची प्रतिमा. N पासून z कडे निघालेल्या रेषेवरचा बिंदू (tx, ty, 1 − t) असा लिहून तो गोलाच्या समीकरणात घातला की t = 2/(1 + |z|²) मिळते, आणि त्यावरून

```
x1 = 2x/(1+|z|²),   x2 = 2y/(1+|z|²),   x3 = (|z|²−1)/(|z|²+1)
z  = (x1 + i·x2)/(1 − x3)
```

z = 3 + 4i घेऊ. |z|² = 25, म्हणून t = 2/26 = 1/13 आणि गोलावरचा बिंदू (3/13, 4/13, 12/13). वर्गांची बेरीज 9 + 16 + 144 = 169 येते, म्हणजे बिंदू खरोखर गोलावर आहे. इथे 1/13 हा आकडा तीन कामे करतो. N पासून z पर्यंतच्या रेषेचा तेवढाच अंश चालून आपण गोलाला भेटतो. तो बिंदू N च्या पातळीपेक्षा तेवढाच खाली असतो. आणि 3 + 4i जवळची लहानशी आकृती गोलावर जाताना तेवढ्याच पटीने, सर्व दिशांना सारखीच, लहान होते. सर्व दिशांना सारखीच लहान होते म्हणूनच कोन टिकतात. याच 1/13 वरून आणखी एक गोष्ट निघते: |z| > 5 हा प्रतलाचा अमर्याद भाग गोलावर N भोवतीच्या 1/13 उंचीच्या टोपीत मावतो, आणि त्या टोपीचे क्षेत्रफळ 2π/13, म्हणजे पूर्ण गोलाच्या 1/26 भरते.

काही पुस्तकांत गोल प्रतलावर ठेवलेला असतो, त्याचा व्यास 1 असतो आणि दक्षिण ध्रुव मूळबिंदूला टेकलेला असतो. तिथे x1 = x/(1 + |z|²) आणि x3 = |z|²/(1 + |z|²) अशी सूत्रे येतात. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत, पण एकीचे सूत्र दुसरीत घातले की उत्तरे चुकतात. z = 1 घालून पाहावे: माझ्या मांडणीत x3 = 0 येते आणि दुसरीत 1/2.

आता दिशांकडे वळू. 1000, −1000 आणि 1000i हे तीन बिंदू घ्या. प्रतलात 1000 आणि −1000 यांच्यातले अंतर 2000 आहे. गोलावर मात्र दोन्ही प्रतिमांची x3 सारखीच, 999999/1000001 आहे, आणि त्यांना जोडणाऱ्या जीवेची लांबी सुमारे 0.004 भरते. सर्वसाधारण सूत्र असे:

```
χ(z, w) = 2|z − w| / ( √(1+|z|²) · √(1+|w|²) ),    χ(z, ∞) = 2/√(1+|z|²)
```

दुसऱ्या सूत्रात z ची दिशा कुठेच येत नाही, फक्त |z| येते. "z → ∞" याचा अर्थ "|z| कोणत्याही संख्येपेक्षा मोठा होतो" एवढाच, आणि गोलावर वाचला तर त्याचाच अर्थ "प्रतिमा N कडे जाते" असा होतो. त्यामुळे 1000, −1000 आणि 1000i हे एकमेकांजवळ येतात ते आपण तसे मानले म्हणून नव्हे, तर या अंतराच्या हिशेबाने ते खरोखरच एकमेकांजवळ असतात.

इथे तुम्ही म्हणाल की अंतरही आपणच निवडले. ते खरे आहे, आणि प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. वास्तव रेषेवर +∞ आणि −∞ वेगळे ठेवण्याचे कारण क्रम: मोठे आणि लहान यांचा अर्थ टिकवायचा असतो, म्हणून रेषेची दोन टोके दोन बिंदूंनी बंद करतात. क्रमाची गरज सोडली तर वास्तव रेषासुद्धा एकाच बिंदूने बंद होते आणि वर्तुळ तयार होते. संमिश्र संख्यांत बेरीज-गुणाकाराशी जुळणारा क्रमच नाही, त्यामुळे दोन टोके ठेवण्याचे ते कारण इथे उरत नाही. प्रत्येक दिशेला एक वेगळा अनंतबिंदू ठेवून प्रतलाभोवती अनंतबिंदूंचे पूर्ण वर्तुळ लावणेही शक्य आहे, आणि संस्थितीच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. पण तसे केल्यावर 1/z चे काय होते ते पाहा. त्या वर्तुळावरचे सगळे बिंदू 1/z मुळे एकाच शून्यावर जातील, आणि शून्यावरून परत येताना कोणत्या बिंदूवर जायचे ते ठरवता येणार नाही. संमिश्र विश्लेषणात 1/z शिवाय पान हलत नाही, म्हणून 1/z ला सर्वत्र एकास-एक आणि सतत ठेवणारी निवडच उपयोगाची आहे. शून्य एकच आहे, तेव्हा त्याचा व्यस्तही एकच असायला हवा.

एकच ∞ घेतल्यावर गोलावर 1/z नेमके काय करते? सूत्रांत z च्या जागी 1/z घाला. 1/z = (x − iy)/|z|² असल्याने (x1, x2, x3) हा बिंदू (x1, −x2, −x3) वर जातो. हे x1 अक्षाभोवती 180 अंशांचे फिरवणे आहे. 3/13, 4/13, 12/13 हा बिंदू 3/13, −4/13, −12/13 वर जातो, आणि तो (3 − 4i)/25 चीच प्रतिमा आहे. गोल नुसता फिरवला की N दक्षिण ध्रुवाच्या जागी, म्हणजे शून्याच्या जागी येतो. फिरवल्याने गोलाच्या कोणत्याही भागात काही बदलत नाही, त्यामुळे N जवळचा गोल आणि शून्याजवळचा गोल यांत भूमितीच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. "हे मानायचं कशावरून" याचे माझे उत्तर हे फिरवणेच आहे.

अंकगणित मात्र जपून करावे लागते. 1/0 = ∞ आणि 1/∞ = 0 हे चालते, पण ∞ + ∞ ला इथे अर्थ नाही, कारण n आणि −n दोन्ही ∞ कडे जातात आणि त्यांची बेरीज कायम 0 राहते. वास्तव विश्लेषणातले (+∞) + (+∞) = +∞ हे इथे नेऊ नका; क्रम सोडल्याची ही किंमत आहे.

सरळ रेषांचे काय होते तेही पाहून घेऊ, कारण त्यात N ची भूमिका डोळ्यांना दिसते. गोलाला छेदणारे प्रतल A·x1 + B·x2 + C·x3 = D असेल, तर सूत्रे घातल्यावर (C − D)|z|² + 2Ax + 2By − (C + D) = 0 मिळते. C = D नसेल तर हे वर्तुळ आहे आणि C = D असेल तर सरळ रेषा. C = D याचा अर्थ ते प्रतल N मधून जाते. म्हणजे प्रतलातली प्रत्येक सरळ रेषा ही गोलावर N मधून जाणारे एक वर्तुळ आहे. वास्तव अक्ष आणि काल्पनिक अक्ष शून्याला काटकोनात छेदतात, तसेच ते ∞ लाही काटकोनात छेदतात. y = 0 आणि y = 1 या समांतर रेषा गोलावर N पाशी एकमेकींना स्पर्श करणारी दोन वर्तुळे होतात. प्रक्षेपी भूमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांची इथे हमखास गल्लत होते. तिथल्या वास्तव प्रतलात समांतर रेषांच्या प्रत्येक गटाला स्वतःचा अनंतबिंदू असतो आणि ते सगळे मिळून एक रेषा बनते. आपले प्रतल संमिश्र दृष्टीने एकच मिती असलेली रेषा आहे, आणि रेषेला अनंतबिंदू एकच मिळतो.

वर्तुळाचे वर्तुळच राहते हा गुण जुने ज्योतिषी चांगला ओळखून होते. 1370 मध्ये महेंद्रसूरींनी संस्कृतात ज्या अ‍ॅस्ट्रोलेब या आकाश मोजण्याच्या यंत्राचे वर्णन "यंत्रराज" या ग्रंथात केले, त्याच्या पत्र्यावर हेच प्रक्षेपण असते. नेहमीच्या उत्तर गोलार्धाच्या यंत्रात ते आकाशाच्या दक्षिण ध्रुवावरून विषुववृत्ताच्या प्रतलावर केलेले असते. पत्र्याची कड बहुधा मकरवृत्तापाशी येते, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या विषुववृत्ताच्या सुमारे 1.52 पट असते. त्याच्याही दक्षिणेचे आकाश दाखवायचे म्हटले तर पत्रा झपाट्याने वाढवावा लागतो, आणि खुद्द दक्षिण ध्रुव कितीही मोठ्या पत्र्यावर मावत नाही. आपला ∞ तो हाच, पत्र्याबाहेर राहिलेला बिंदू.

आता दुसरा प्रश्न. वरच्या फिरवण्यातून काम करण्याची रीत मिळते: ∞ जवळ z हा निर्देशक निरुपयोगी असतो, म्हणून w = 1/z घ्यायचा आणि w = 0 जवळ जे दिसेल तेच ∞ ला आहे असे म्हणायचे. z² हे फलन w मध्ये 1/w² होते, म्हणून z² ला ∞ पाशी दुसऱ्या घाताचा पोल आहे. N कडे कोणत्याही वाटेने गेलात तरी z² ची किंमत N कडेच जाते. eᶻ हे w मध्ये e^(1/w) होते. धन वास्तव अक्षावरून N कडे जाताना त्याची किंमत ∞ कडे जाते, ऋण अक्षावरून जाताना 0 कडे, आणि काल्पनिक अक्षावरून जाताना ती एकक वर्तुळावर फिरत राहते. यावरून ∞ दोन किंवा तीन आहेत असे ठरत नाही. बिंदू एकच आहे, पण eᶻ ला तिथे सीमा नाही; तिथे त्याची अनिवार्य विशेषता आहे. विद्यार्थी बहुधा इथेच +∞ आणि −∞ परत आणतात, कारण आलेखात दोन बाजू वेगळ्या दिसतात. दोष फलनात असतो आणि खापर फुटते बिंदूवर.

या रीतीने 1/z हे w मध्ये नुसते w होते, आणि w = 0 ला ते शून्य होते. तुमचे निरीक्षण इथपर्यंत अगदी बरोबर आहे. पण रेसिड्यू हा फलनाचा नसतो, तो f(z) dz या पूर्ण राशीचा असतो, कारण इंटिग्रल तिचेच घेतात. निर्देशक बदलला की dz सुद्धा बदलतो:

```
z = 1/w   ⇒   dz = −dw/w²
f(z) dz = −f(1/w) · dw/w²
```

म्हणून (1/z) dz = −w · dw/w² = −dw/w, आणि त्याचा w = 0 चा रेसिड्यू −1. फलन ∞ ला साळसूद आहे, बिघडतो तो dz. एरवी शून्याजवळ dz ला काही विशेष नसते, म्हणून आपण त्याच्याकडे पाहत नाही. ∞ जवळ त्यालाच w मध्ये दुसऱ्या घाताचा पोल येतो. उलट बाजूने पाहायचे तर |z| = R हे वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरलात की w च्या प्रतलात तुम्ही |w| = 1/R वर घड्याळाच्या दिशेने फिरता. म्हणून शून्याभोवती +1 आणि ∞ भोवती −1. वर्तुळ गोलावर एकच आहे, फक्त ते एका बाजूने शून्याभोवती आहे आणि दुसऱ्या बाजूने ∞ भोवती.

यावरून पडताळ्याचा नियम मिळतो: विशेष बिंदू मोजकेच असतील, तर ∞ धरून सगळ्या रेसिड्यूंची बेरीज शून्य येते. याचा उपयोग कसा होतो ते एका इंटिग्रलवर पाहा. |z| = 2 वर घड्याळाच्या उलट दिशेने

```
f(z) = z³/(z⁴ + 1)
```

चे इंटिग्रल हवे आहे. z⁴ = −1 ची चारही मुळे एकक वर्तुळावर, म्हणजे आत, आहेत. प्रत्येक मुळाशी रेसिड्यू z³/(4z³) = 1/4, चारांची बेरीज 1 आणि उत्तर 2πi. आता ∞ कडून करू. −f(1/w)/w² = −1/(w(1 + w⁴)), त्याचा w = 0 चा रेसिड्यू −1. वर्तुळाबाहेर दुसरा विशेष बिंदू नाही, म्हणून उत्तर −2πi × (−1) = 2πi. इथे चार मुळे सोपी होती. छेद z¹⁰⁰ + z + 1 सारखा असेल आणि सगळी मुळे वर्तुळाच्या आत असतील, तर एका ∞ वर काम भागते आणि मुळे शोधावीच लागत नाहीत.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे −1/w² विसरून f(1/w) चाच रेसिड्यू घेणे. f(z) = z घ्या. f(1/w) = 1/w, आणि चुकीच्या रीतीने उत्तर 1 येते. पण z ला प्रतलात एकही विशेष बिंदू नाही, म्हणून बेरजेच्या नियमाने ∞ चा रेसिड्यू 0 च हवा. बरोबर रीतीने −1/w³ मिळते आणि त्यात w⁻¹ चे पद नाही. नियमाची मर्यादाही ध्यानात असू द्या. 1/sin z चे पोल 0, ±π, ±2π असे पसरत जातात, गोलावर ते N भोवती दाटतात आणि N एकाकी विशेष बिंदू राहत नाही. तिथे रेसिड्यूची व्याख्याच होत नाही, आणि बेरजेचा नियम लावणे चूक ठरते.

शेवटी, गोल संगणकावर आणणार असाल तर एक खड्डा सांगून ठेवतो, कारण त्यात मी स्वतः पडलो आहे. z = 10⁹ असेल तर 1 − x3 ही किंमत 2 × 10⁻¹⁸ च्या आसपास असते. दुहेरी अचूकतेच्या अंकात 1 च्या खालचा लगतचा अंक सुमारे 1.1 × 10⁻¹⁶ अंतरावर असतो, म्हणून x3 थेट 1.0 होते, आणि z = (x1 + i·x2)/(1 − x3) मध्ये शून्याने भागाकार होतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये उत्तर ध्रुवाजवळचे बिंदू असेच ZeroDivisionError देत होते, आणि मी बराच वेळ सूत्रातच चूक शोधत बसलो होतो. सूत्र बरोबर होते. उत्तर गोलार्धात त्याचे दुसरे रूप वापरायला हवे होते:

```python
def sphere(z):
    n = abs(z)**2
    return 2*z.real/(n+1), 2*z.imag/(n+1), (n-1)/(n+1)

def plane(a, b, c):
    if c <= 0:
        return complex(a, b)/(1-c)
    return (1+c)/complex(a, -b)
```

x1² + x2² = (1 − x3)(1 + x3) असल्याने दोन्ही रूपे एकच आहेत. दुसऱ्या रूपात x3 जरी 1.0 झाले तरी x1 मध्ये 2 × 10⁻⁹ शाबूत असते आणि z नीट परत मिळतो. शेवटच्या ओळीकडे नीट पाहिले तर (x1 − i·x2)/(1 + x3) म्हणजे w, आणि ती ओळ त्याचाच व्यस्त देते. a आणि b दोन्ही नेमके शून्य असतील तेव्हाच तिथे शून्याने भागाकार होतो, आणि तेव्हा तो बिंदू खरोखर ∞ असतो.